खऱ्या आकड्याने किती वर्षं

दादाने राजीनामा तीन दिवसांपूर्वी टेबलावर आपटला होता. तेहतीस वर्षं छापखान्यात, त्यातली अकरा फोरमन म्हणून. कालच्या पोराने, नव्या मॅनेजरने, ज्याला सगळे टायवाला म्हणत, सगळ्या पाळीसमोर "काका, तुम्हाला जमत नसेल तर घरी बसा" म्हटलं आणि दादा घरी बसायला निघाला. टायवाल्याने वर मेहेरबानी केली. म्हणाला, शुक्रवारी पाचपर्यंत राजीनामा मागे घेतलात तर मी विसरून जाईन.

आज शुक्रवार होता. दादा आणि वहिनी दुपारीच दादाच्या धाकट्या बहिणीच्या ऑफिसात येऊन बसले होते. बहीण लोकांच्या निवृत्तीचे हिशेब करायची. दोन खुर्च्या, संगणकाचा एक मोठा पडदा, आणि खिडकीखाली सतत हॉर्न मारणारा रस्ता. वहिनी बसली होती. दादा बसत नव्हता.

"खर्च महिन्याला पन्नास हजार, करासकट," बहीण टाइप करत म्हणाली. "वर्षाला सहा टक्के महागाई. उरलेल्या पैशावर आठ टक्के परतावा धरते. पहिल्या वर्षी दरमहा पन्नास काढायचे, पुढच्या वर्षी त्रेपन्न, असं वाढवत जायचं. तीस वर्षं. फंडात किती आहेत?"

"एक कोटी चाळीस लाख."

तिने आकडा टाकला. ओळी खाली धावत गेल्या आणि तिसाव्या वर्षाखाली थोडीफार शिल्लक उरली.

"बघ!" दादाने टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं? अठ्ठ्याऐंशीपर्यंत राजा!"

"हा आकडा कधीचा?"

"कधीचा म्हणजे? फंडाचा."

"दादा, कधीचा?"

"गेल्या वर्षीचं पत्रक आहे. कपाटाच्या दाराला चिकटवलंय," वहिनी म्हणाली. "रोज शर्ट काढताना बघतात."

"बाजार पडल्यानंतर उघडून बघितलास का?"

दादा खिडकीशी गेला. पट्ट्यांचा पडदा उघडला, मिटला, परत उघडला. बघितलं नव्हतं. सगळे पैसे शेअरच्या योजनेत ठेवले होते, कारण वाढत होते तेव्हा हलवायचं जिवावर आलं आणि पडायला लागले तेव्हा बघायचं. माणसं अशीच असतात. दुसऱ्याच्या मशिनचा आवाज जरा बदलला तर धावत जातील, आणि स्वतःच्या पैशाचं मशिन धडधडायला लागलं की कानांत बोळे.

"छोटे, तू उगाच शेण टाकू नकोस चांगल्या कामात."

"लॉगिन कर."

"पासवर्ड आठवत नाही."

"मला आठवतो," वहिनी म्हणाली. "तुमच्या पहिल्या मशिनचा नंबर." तिने पर्समधून चष्मा काढला आणि बहिणीच्या बाजूला खुर्ची सरकवली.

पडद्यावर आजची किंमत आली. एक कोटी बारा लाख.

बहिणीने फक्त तो एक आकडा बदलला. ओळी परत धावल्या आणि चोविसाव्या वर्षावर लाल झाल्या.

"म्हणजे?" दादाने विचारलं. त्याला समजलं होतं.

"म्हणजे तू एक्याऐंशीचा असताना फंड संपतो. वहिनी अठ्ठ्याहत्तरची. आणि हे दर वर्षी आठ टक्के मिळाले तर. सुरुवातीलाच दोन वर्षं काहीच मिळालं नाही, तर आणखी आधी. पडलेल्या बाजारात विकून खायचं म्हणजे बियाणं खायचं. मग बाजार उठला तरी उगवायला काही राहत नाही."

"बाजार वर येईल ना परत! सगळे म्हणतात!"

"येईलही. तुझ्या सोयीने येईल असं कोण म्हणतं?"

दादा भडकला. टायवाल्याला, बाजाराला, फंडवाल्यांना, आणि फंडाच्या जाहिरातपत्रकांत समुद्राकाठी हसणारी म्हातारी माणसं छापणाऱ्यांना त्याने शिव्या घातल्या. ती पत्रकं त्यानेच छापली होती, लाखांनी, ओव्हरटाइम करून. म्हाताऱ्यांचे दात जास्त पांढरे करा म्हणून फंडवाल्यांनी दोनदा छपाईची प्लेट बदलायला लावली होती.

"ओरडून झालं असेल तर बसा," वहिनी म्हणाली. "वन्सं, वाईट धरून दाखवा. पहिली दोन वर्षं शून्य. मग किती काढले तर तीस वर्षं पुरतात?"

बहिणीने आकडे खाली आणले. पंचेचाळीस, लाल. एक्केचाळीस, सव्विसाव्या वर्षी लाल. अडतीस, अठ्ठाविसाव्या वर्षी लाल. पस्तीसवर ओळ शेवटपर्यंत गेली.

"पस्तीस हजार."

"आणि ह्यांनी साठीपर्यंत काम केलं तर?"

"पगारातून कपातीचे आणखी सहा लाख फंडात पडतील, दोन वर्षं काढायचं नाही, आणि तीसऐवजी अठ्ठावीसच वर्षं पुरवायची. पण तेवढ्यात महागाईही वाढेल." ती थोडा वेळ टाइप करत राहिली. "बाजार तसाच वाईट धरला तर आजच्या भावाने एक्केचाळीस."

दादा पहिल्यांदा खुर्चीत बसला. "म्हणजे त्या कार्ट्याच्या हाताखाली दोन वर्षं..."

"महिन्याला सहा हजार जास्त," बहीण म्हणाली. "जन्मभर. महागाईप्रमाणे वाढणारे."

"ठीक आहे." त्याने फोन काढला. "मागे घेतो. सहा हजार काय झाडाला लागतात?"

"मागे घेतलं तरी एक्केचाळीस," वहिनी म्हणाली. "आपला खर्च पन्नास. वरचे नऊ कुठले?"

ते नऊ कुठले, हे तिघांनाही माहीत होतं. थोरला मुलगा, वय एकतीस. दर महिन्याला त्याच्या घरभाड्याला नऊ हजार. नोकरी बदलतोय, जम बसेल, मग बंद करू, असं पाच वर्षं चाललेलं.

"तीस वर्षांच्या खर्चात ते धरलेस तू," बहीण म्हणाली. "म्हणजे तो एकसष्टचा होईपर्यंत त्याचं भाडं भरणार. तो निवृत्त होईल तेव्हा निरोप समारंभालाही जाशील का?"

वहिनीला हसू आलं. दादाला नाही.

"पोटचा पोर आहे."

"पोटाचा प्रश्नच चाललाय," वहिनी म्हणाली. "नऊ ते. सहा तुमच्या गाडीचे, पेट्रोल, पार्किंग, दुरुस्ती. रोज कामावर जायचंच नसेल तर गाडी कशाला? झाले पंधरा. पन्नासातून पंधरा गेले."

"तुला सोपं वाटतं त्याला सांगणं?"

"नाही. तुम्हाला टायवाल्याचे पाय धरणं सोपं वाटतंय, ते बघतेय मी."

खाली सिग्नल सुटला, गाड्या ओरडल्या. दादा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. तेहतीस वर्षं माणसांना ओरडून कामाला लावणारा हा माणूस पोटच्या पोराला एक वाक्य बोलायला घाबरत होता. कित्येक बाप असेच घाबरतात आणि त्याला माया म्हणतात.

त्याने फोन लावला. पलीकडे मुलगा होता.

"ऐक. पुढच्या महिन्यापासून भाड्याचे पैसे येणार नाहीत. ... नाही, आजारी नाही. ... नाही, रागावलोही नाही. ... अरे, तू काय मला विचारतोस पुढे काय? मला विचारायचं होतं तुला पुढे काय!" आवाज चढला, मग उतरला. "या महिन्याचे पाठवतो. तेवढेच."

पलीकडून फोन ठेवला गेला. दादा हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"ठेवला त्याने."

"लावेल परत," वहिनी म्हणाली, पण तिलाही खात्री नव्हती.

पाचला थोडा वेळ होता. टायवाल्याला फोन करायचा राहिला होता आणि दादा तो करत नव्हता.

"छोटे, पस्तीस नक्की पुरतील?"

"नक्की काही नाही. दर वर्षी यायचं, त्या दिवशीची खरी किंमत घेऊन. परत असाच हिशेब मांडू."

"आणि कमी पडलं तर?"

"तर कमी काढायचं."

"आणि त्याहून कमी?"

बहिणीने कीबोर्ड परत पुढे ओढला. दादाने पस्तीसच्या जागी चौतीस टाकायला सांगितलं आणि शिल्लक किती राहते ते वाकून बघू लागला. मग तेहतीस. पाच वाजून गेले तेव्हा तो बत्तीसवर होता.