एका पुडीला पाणी किती

हर्षदाचे वडील नवागाम वस्तीत कापडाचा लूम चालवायचे आणि ती सुरतेतच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहान मुलांच्या जुलाबांवर तीन शिक्षकांनी शिकवलं होतं, पण तिघांच्या नोट्स जुळत नव्हत्या. म्हणून तिने त्या एकत्र करायचं मनावर घेतलं. मुद्द्यानुसार पानं पाडली. तिघांचं सारखं असेल ते एकदाच लिहिलं. वेगळं असेल तिथे चौकट आखून प्रत्येकाचं वाक्य नावासकट जसंच्या तसं ठेवलं आणि खाली 'विचारायचं' असं लिहिलं. डॉक्टर काशिनाथ म्हणत, अंगावरचं दूध बंद करू नका. मंगलाबाई म्हणत, पोटाला विश्रांती द्या. जुलाबात पाजायच्या क्षारांची (ओआरएसची) पुडी डॉक्टर एक लिटर पाण्यात घालायला सांगत, श्रीरंग सर एका पेल्यात.

ट्यूटर वत्सलाबेननी चौकटी पाहिल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. शिक्षकांच्या चुका काढायला तू इथे आलीस का, असं त्यांनी विचारलं. वर्गप्रमुख ज्योतीने मग ती पानं नेली, चौकटी गाळून नीट उतरवली आणि सगळ्यांना झेरॉक्स वाटली. परीक्षेला एकच उत्तर लागतं, असं तिचं म्हणणं. पुडीसाठी तिने श्रीरंग सरांचा एक पेलाच ठेवला.

हर्षदाला ते खटकलं, पण वत्सलाबेनचं बोलणं आठवून तिने आपली मूळ पानं परत घेतली आणि पेटीत ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात घरभेटींसाठी दोघी नवागामात गेल्या. इंदुबाईंच्या तान्ह्या नातवाला जुलाब लागले होते. हर्षदा शेजारच्या घरी असताना ज्योतीने त्यांना दवाखान्यातली मोठी पुडी पेल्यात कालवायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी हर्षदा पुन्हा गेली तेव्हा इंदुबाई दारातच उभ्या होत्या.

"बेन, पोऱ्या डोया उघडत नही."

डोळे मिटून पडलेल्या पोराजवळचा पेला हर्षदाने पाहिला, रिकामी पुडी उलटून वाचली. तिच्यावर एक लिटर छापलेलं होतं. त्यांनी रिक्षा केली आणि पोराला हॉस्पिटलात नेलं. रक्तात मीठ फार वाढलंय, तिथले डॉक्टर म्हणाले, ते सावकाशच उतरवावं लागेल. दोन दिवस पोराचं काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते रडलं.

मग हर्षदा आपली मूळ पानं घेऊन स्टाफरूममध्ये गेली. श्रीरंग सरांनी चौकट वाचली.

"मी छोट्या पाऊचबद्दल सांगत होतो," ते म्हणाले. "दोनशे मिलीच्या. वर्गात तेवढं सांगायचं राहून गेलं."

मंगलाबाईंनी दुधाचं वाक्य स्वतःच खोडलं. ते जुन्या पुस्तकातलं होतं. हर्षदाने दोन्ही पुड्यांपुढे माप लिहिलं. वत्सलाबेननी नव्या प्रती काढायला सांगितलं, मात्र घरभेटीच्या अहवालात चूक म्हणून ज्योतीचंच नाव गेलं.

वसतिगृहात ज्योती हर्षदाच्या पलंगावर येऊन बसली.

"तुला माहीत होतं ना, मी ठेवलेल्या पेल्याची खात्री नव्हती ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

हर्षदा नव्या प्रतींची पानं सारखी करत राहिली. ज्योती उठून गेली. परीक्षेपर्यंत ती हर्षदाशी कामापुरतंच बोलली.