खाचा दोन, तरी नको

मागच्या महिन्यात घेतलेली एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची पट्टी, माझ्या जुन्या लॅपटॉपात छान बसली, पण लॅपटॉपला ती दिसलीच नाही. म्हणून या खेपेला मी मॅन्युअलचं पान घेऊनच राजवाड्यामागच्या रंगरावांच्या दुकानात गेले.

"स्लॉट फक्त साटा जातीची चालवतो, एनव्हीएमई नाही," मी बजावलं.

"मग सोपं आहे, अक्का. पट्टीच्या टोकाला एक खाच म्हणजे एनव्हीएमई, दोन खाचा म्हणजे साटा." त्यांनी दोन खाचांची पट्टी पुढे केली.

मी चष्मा लावून लेबल वाचलं. खाचा दोनच होत्या, पण छापलं होतं एनव्हीएमई.

रंगरावांनीही वाचलं. "मागची कुणी गळ्यात मारली होती?"

"तुम्हीच. आता कपाटातली एकेक वाचा," मी स्टूल ओढलं, "मी बसते."