बुजवलेली भोकं

सासरे गेले त्याच्या तेराव्या दिवशी माझ्या गव्हांकुरांचा पहिला ट्रे बिनबुरशीचा निघाला.

तीन महिने प्रत्येक ट्रेच्या मुळांशी पांढरी बुरशी धरायची, आंबट वास सुटायचा. गहू आठ तास भिजवायचे, मोड आले की एकाच थरात पसरायचे, पाणी नुसतं शिंपडायचं, पंखा लावायचा, सगळं मी करत होते. तरी व्हायचं. बियाणेवाल्याशीही भांडले. ट्रे धुऊन त्यात कागद अंथरून ठेवायचं काम मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं होतं. हा ट्रे मात्र नवा, माझ्याच हातचा.

आठव्या दिवसाची पाती मी मुळांच्या बोटभर वरून कापली. वास फक्त हिरवा होता. मग जुने ट्रे घासायला काढले. कागदाखालची, पाणी निथळायची सगळी भोकं चिखलानं बुजवलेली होती, बोटानं दाबून.

"बांधीत पाणी नाही थांबलं त पऱ्हे कसे वाढतीन, करुणा?" जन्मभर भातखाचरात धानाची रोपं लावणारे मामाजी एकदा म्हणाले होते.

"तुम्हाले यातलं काय समजते?" मी म्हटलं होतं.

रडू आलं नाही. ट्रे घासले. एक तेवढा तसाच ठेवला. त्यात मूठभर धान टाकलं आणि पाणी थांबू दिलं.