चौऱ्याण्णव दिनारांचं खातं

पहिली थप्पड कानावर बसली तेव्हा मी ताटं उचलत होते. ताटांसकट खाली गेले. एक्याऐंशी साल संपून ब्याऐंशीचा पहिला दिवस उजाडला होता, शुक्रवार होता, सुट्टी होती आणि नवरा घरी होता. सुट्टीची मला नेहमीच धास्ती वाटायची.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. महादेव. बहरीनमध्ये मआमीरच्या एका वर्कशॉपात फोरमन, पगार एकशे नव्वद दिनार. बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, त्यांत तो, मी आणि आठ वर्षांची रंभा. दर महिनाअखेरीला मी त्याला घरखर्चाचा कागद लिहून द्यायचा, त्याने ओळ न् ओळ वाचून खाली सही ठोकायची, अशी त्याची शिस्त. दिनाराचे हजार फिल्स, त्यातल्या एकाचाही हिशोब सुटता कामा नये. कागद मला जड नव्हता. लग्नाआधी कुडाळच्या सोसायटीत मी दोन वर्षं वह्या लिहिल्या होत्या. त्याला ते आवडायचं नाही, म्हणून मी त्याचा उच्चार करत नसे.

त्या दुपारी त्याने बारा महिन्यांचे बारा कागद पुढ्यात घेतले आणि ऑफिसातून आणलेल्या कॅल्क्युलेटरवर वर्षाची बेरीज केली. मग उठला आणि मला मारलं.

"शेवंते, नऊशे दोन दिनार खंय गेले?"

"कसले नऊशे दोन?"

"वर्षाची जमा तीन हजार तीनशे चोपन्न. खर्च दोन हजार तीनशे सव्वीस. एक हजार अठ्ठावीस उरूक होये. डब्यात एकशे सव्वीस! भावाक धाडलंस मा?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नव्हतं. कानात शिट्टी वाजत असताना बेरजा सुचत नाहीत. त्याने वेणी धरून मला स्वयंपाकघरापर्यंत ओढलं, पैशांचा डबा जमिनीवर उपडा केला आणि माझं तोंड त्या नोटांवर दाबलं. मोज म्हणाला. मी मोजल्या. एकशे सव्वीस. पुन्हा मोज. पुन्हा एकशे सव्वीस. तिसऱ्यांदा मोजताना नाकातलं रक्त दहाच्या नोटेवर पडलं, तेव्हा नोट खराब केली म्हणून लाथ. रंभा दारात उभी राहून "पापा, स्टॉप, प्लीज स्टॉप" म्हणत होती. घरात मराठी कळायची तिला, पण घाबरली की इंग्रजीच तोंडातून यायचं.

दमल्यावर त्याने निकाल सांगितला. पुढच्या शुक्रवारी आपल्या गावच्या मंडळाचे दत्ताराममामा घरी येतील, त्यांच्यासमोर हिशोब होईल, आणि चोर बायको एकटी गावी जाईल. रंभा इथेच राहील. पासपोर्ट त्याच्या वर्कशॉपच्या लॉकरमध्ये होते. मारामुळे मी कधी इतकी हादरले नव्हते जितकी त्या एका वाक्याने हादरले. रंभा या माणसाजवळ, एकटी!

बारा कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. फार जपले हो. पुरावाच होता ना तो.

शनिवारी तो शिफ्टला गेला आणि मी पिशवी घेऊन खालच्या मजल्यावर नसीमाकडे गेले. तिचा नवरा नजीब रत्नागिरीचा, सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, कापडवाल्याकडे हिशोबनीस. माझा कान सुजून वडा झाला होता. नसीमाने आधी मला डॉक्टरकडे नेलं. पाच दिनार झाले. मग तिने जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं, नजीबचा लांबलचक हिशोबाचा कागद दिला, आणि स्वतः मटार सोलत समोर बसली.

मी आडवे बारा महिने मांडले, उभी खाती. पगार, माझी ब्लाउजांची शिलाई, भाडं, किराणा, शाळा. एकेक कागद घेऊन आकडे आपापल्या चौकोनात उतरवले. जमेच्या बेरजेला आले आणि हात थांबला. बारा महिन्यांचा पगार बावीसशे ऐंशी, शिलाई एकशे बत्तीस, म्हणजे चोवीसशे बारा. महादेवने तीन हजार तीनशे चोपन्न कुठून आणले?

मग दिसलं. माझ्या प्रत्येक कागदावर सर्वांत वर मागच्या महिन्याची शिल्लक असे, तिच्यात नवी जमा मिळवून 'एकूण' लिहिलेलं असे. या गृहस्थाने बारा 'एकूण' उचलून एकमेकांत मिळवले होते! डब्यात राहिलेले तेच पैसे दर महिन्याला नव्याने आले असं धरलं होतं. वर्षाची सुरुवातीची शिल्लक एकदाच धरायची, जानेवारीची, चाळीस दिनार. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या अकरा शिल्लका मी वेगळ्या मिळवल्या. बरोब्बर नऊशे दोन.

मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. ओठ फुटलेला होता, दोन्ही सारखंच दुखलं. एवढ्या मोठ्या बाप्याने माजघरातून ओटीवर आलेला पाहुणा दुसरा म्हणून मोजला होता आणि त्यापायी माझा कान फोडला होता.

"सुटलीस गं," नसीमा म्हणाली. "एवढं दाखव, बास झालं."

बास झालं असतं. पण खर्चाची बाजू भरायची होती, आणि मला अर्धवट ताळेबंद ठेवायची सवय नाही. भाडं सातशे वीस. किराणा, मासळी सहाशे चोवीस. वीज आणि गॅस एकशे आठ. शाळा शहाण्णव. गावी ड्राफ्ट सहाशे. कपडे, जाणं-येणं चौऱ्याऐंशी. राहिल्या सुट्या नोंदी. महिन्यामहिन्याच्या कागदात त्या कुठे भांडी म्हणून होत्या, कुठे औषध, कुठे दुरुस्ती. एकेक महिना पाहिला तर कुणाच्या डोळ्यावर येऊ नयेत अशा. बाराही महिने शेजारी शेजारी आले आणि मला दिसलं. या तीन वेगवेगळ्या खात्यांमागे कारण एकच होतं. मी तिन्ही खाती खोडली आणि एक नवीन घातलं.

नसीमाने वाकून वाचलं. सोललेले मटार तिच्या हातातच राहिले.

"शेवंती, हे लिहू नको. मारून टाकेल तो तुला."

"मग ते पण लिहीन," मी म्हटलं.

आठवडाभर मी रोज कागद खाली नेले आणि तो यायच्या आत पिशवी कपाटात परत ठेवली. बुधवारी त्याने डाळीत मीठ जास्त म्हणून माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी मनात बेरजा करत राहिले.

शुक्रवारी दत्ताराममामा आले. साठीचे, कपाळावर गंध, मंडळाचे अध्यक्ष. जुलैत माझा हात प्लास्टरमध्ये बघून हेच म्हणाले होते, जपून चालावं बाईमाणसाने. हिशोब तपासायला महादेवनेच नजीबला बोलावलं होतं. रंभाला मी खाली नसीमाकडे पाठवलं. महादेवने आपली बेरीज वाचली आणि माझ्याकडे बोट दाखवून भावाला, बापाला, सगळ्या माहेराला शिव्या दिल्या.

मी माझा कागद नजीबच्या पुढे ठेवला. त्याने अकरा शिल्लका बोटाने दाखवत मिळवल्या, आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा ताडल्या, आणि चष्मा काढला.

"महादेवभाऊ, एकच पैसा बारा वेळा मोजलात. भाभींचा हिशोब चोख आहे. चाळीस आणि चोवीसशे बारा, त्यातून तेवीसशे सव्वीस गेले, राहिले एकशे सव्वीस. पहिल्या तारखेला डब्यात तेवढेच निघाले होते."

महादेवचा चेहरा उतरला, मग तो चक्क हसला. "गेली चुकी होवन."

"झाला तर!" मामांनी मांडीवर थाप मारली. "चोरी नाय, काय नाय. खलास. चाय टाक गो."

"थांबा मामा," मी म्हटलं. "खर्च वाचायचा राहिलाय."

मी वाचलं. भाडं वाचलं, किराणा वाचला, शाळा वाचली. मग शेवटचं खातं. "मारहाण. मार्च, कपबशा फोडल्या, सहा. एप्रिल, डोक्याला टाके, चौदा. मे, आरसा, आठ. जुलै, मनगटाचा एक्स-रे आणि प्लास्टर, बावीस. ऑगस्ट, मला फेकून मारला तो टेबल फॅन, सोळा. ऑक्टोबर, चष्मा, अकरा. नोव्हेंबर, न्हाणीघराचं दार तोडलं त्याची कडी आणि सुतार, पाच. डिसेंबर, दात, बारा. एकूण चौऱ्याण्णव दिनार."

तो उठला. मामांसमोर, नजीबसमोर त्याने पाण्याचा ग्लास माझ्या तोंडावर हाणला. ग्लास गालफडाला लागून जमिनीवर फुटला. नजीबने त्याला मागून कवळ घातली आणि धरून ठेवलं. माझ्या गालावरून रक्त ओघळत होतं आणि मी उभीच होते. मला भीती वाटत नव्हती, नुसता संताप येत होता, डोक्यापासून पायापर्यंत.

मामा पांढरेफटक पडले होते. "शेवंती, ह्या खाता काढून टाक. घरातला असला कोण लिवता?"

"काढते," मी म्हटलं. "मग चौऱ्याण्णव दिनार कमी पडतात. ते मी चोरले, असं लिहू?"

मामा नजीबकडे बघायला लागले.

"बरोबर आहे त्यांचं," नजीब म्हणाला. "हे काढलं तर ताळा बसत नाही. आणि आठही महिन्यांच्या कागदांवर महादेवभाऊंची सही आहे." त्याने पकड सोडली नव्हती. "भाऊ, तुम्हीच सांगा. कुठे गेले चौऱ्याण्णव?"

फिल्सान् फिल्स मागणारा माणूस तो. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या कागदाकडे. चोर म्हणावं तर सह्या त्याच्या. खालच्या गल्लीत गाडीवाला यल्ला-यल्ला, चला-चला ओरडत होता.

"माझ्याच हातान मोडला ता सगळा," महादेव म्हणाला.

दत्ताराममामांनी नजीबचं पेन घेतलं आणि माझ्या कागदाखाली सही केली. मग महादेवला म्हणाले, "ऊठ. लॉकर उघडूक चल. दोघींचे पासपोर्ट माका होये."

सोमवारी महादेव शिफ्टला गेल्यावर मी नवीन कागद घेतला. जानेवारी १९८२. मागील शिल्लक एकशे सव्वीस. भाडं आणि किराणा उधारीवर, पगारानंतर द्यायचे. कानाचा डॉक्टर पाच. पाण्याचा ग्लास अर्धा दिनार. मुंबईची तिकिटं, एक पूर्ण, एक अर्धं, एकशे चौदा. शिल्लक सहा दिनार पाचशे फिल्स. ती मोजून डब्यात ठेवली, कागद डब्याखाली ठेवला आणि खाली त्याच्या सहीपुरती जागा सोडली. मग मामांनी आणून दिलेले दोन पासपोर्ट घेतले आणि रंभाचा हात धरून जिना उतरले.