तीन नावं, एकच दार

नूतनचं लग्न झालं ते साल १९९८. उन्हाळा होता, अमळनेरला मांडव पडला होता, आणि त्याच मांडवात सुकदेवच्या घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. लेकीचं लग्न उरकून माणूस हात झटकतो. सुकदेवला मात्र सुरतेला परत जायची धास्ती वाटत होती, कारण परत गेल्यावर काम नव्हतं. पांडेसऱ्यातल्या ज्या रंगाईच्या कारखान्यात त्याने सत्तावीस वर्षं कापड रंगवलं, तो त्याच फाल्गुनात बंद पडला होता.

शेठने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. सरलाबाई, त्याची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोट दाखवून सांगायची, "सत्तावीस वर्षं एकच शेठ धरला यांनी. हे पाहा बक्षीस. तेबी बंद शे!"

घर चालवायचं आता मुलाच्या जिवावर. योगेंद्र एम्ब्रॉयडरीचं पंचिंग शिकला होता. पंचिंग म्हणजे चित्राचे टाके करणं. कॉम्प्युटरवर चित्र घ्यायचं, सुईने कुठून सुरुवात करायची, कुठे भरायचं, कुठे किनार मारायची ते सगळं आखायचं आणि त्याची फाइल बनवायची. ती फाइल भरतकामाच्या मशीनला दिली की मशीन तेच कापडावर उतरवतं. सून गायत्री बारावी झालेली. नवऱ्याच्या शेजारी बसून तीही शिकली, आणि टोपीच्या कामात तर त्याच्याहून पुढे गेली.

काम येत होतं अमेरिकेतून, इंटरनेटवरून. तिथल्या एका वेबसाइटवर टोप्या आणि शर्ट विकणारे दुकानदार आपापलं चित्र पाठवत, वेबसाइट ते जगभरच्या पंचिंगवाल्यांना वाटून देई, आणि हजार टाक्यांमागे ठरलेले पैसे महिनाअखेरीला चेकने धाडी. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र. म्हणून सुरतेत बमरोलीला त्यांच्या दोन खोल्यांत सकाळी दूध तापायच्या आधी फोनची लाइन कॉम्प्युटरला लागायची, ती किरकिरायची, आणि रात्रीत आलेली चित्रं उतरायला लागायची. संध्याकाळी फाइली परत पाठवल्या की तिकडे दुकान उघडायच्या वेळेला हजर.

सुकदेवला हे सगळं पटलं ते एकाच गोष्टीसाठी. शेठ एकच होता.

गायत्रीला तेच खटकायचं. "आप्पा, उद्या यांनी आपलं खातं बंद केलं तर? दुसऱ्या एका वेबसाइटवर नाव घालू. एखाद्या दुकानदाराला सरळ पत्र लिहू. आणि ते कामरेजचे बन्सीलालकाका, नूतनताईच्या लग्नात भेटलेले. त्यांच्याकडे भरतकामाची मशीनं आहेत. येतो म्हणालेत."

"दोन डगरींवर पाय ठेवू नये पोरी. शेठला कळलं की तो काम तोडतो."

"हा शेठ नाही आप्पा. याला आपलं तोंडसुद्धा माहीत नाही."

योगेंद्र हसला. "आप्पांना म्हणावं, घड्याळ अमेरिकेहून येईल!"

बन्सीलाल आले ते दिवाळीच्या आधी. योगेंद्र आणि गायत्री चेक भरायला बँकेत गेले होते, सरलाबाई दळणाला. बन्सीलाल मूळचे पारोळ्याचे, सुरतेत मजूर म्हणून आलेले. आता कामरेजला दोन मोठी मशीनं टाकून साड्यांच्या काठाचं काम करत होते. हातात कापडाचा तुकडा, खिशात फ्लॉपी, पायात धुळीने माखलेली चप्पल.

सुकदेवने चहा दिला. आणि मग, सत्तावीस वर्षं कुणासमोर मान वर न केलेल्या त्या माणसाला, का कोण जाणे, मान वर करायची हौस आली.

"पोरगा अमेरिकेचं काम करतो बन्सीलालभाऊ. हे गल्लीतलं लेस-काठाचं काम आम्ही घेत नाही."

बन्सीलालांनी कापडाचा तुकडा उलगडत आणला होता, त्याची तशीच घडी केली. "बरं भाऊ. पोरीला मात्र सांगा, मी येऊन गेलो." चहा अर्धाच पिऊन ते उठले.

सुकदेवने पोरीला सांगितलं नाही. कप विसळून पालथा घातला.

त्यानंतर आठवड्याभरात योगेंद्र म्हणाला, "आप्पा, वेबसाइट एका नावाला दिवसाला पाचच कामं देते. हात रिकामे राहतात." तेव्हा सुकदेवने आपल्या पदरची अक्कल दिली. त्याच्या ओळखीच्या एका लूमवाल्याने एकाच शेडमधले लूम बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर लावले होते. कागदावर चार मालक, आत एकच फाटक. "तसं कर," सुकदेव म्हणाला. "एक नाव तुझं, एक गायत्रीचं, एक माझं. एक नाव अडलं तर दोन आहेतच. तुम्हाला चार ठिकाणी हिंडायला पाहिजे ना? घ्या, घरातच तीन झाली!"

गायत्री म्हणाली, "त्यांच्या नियमात लिहिलंय, काम ज्याचं त्याच्याच नावाने. एकाने दुसऱ्याच्या नावाने करायचं नाही. आप्पा कुठे पंचिंग करतात?"

"नियम काय, सगळीकडेच लिहिलेले असतात."

वेबसाइटने प्रत्येक नव्या नावासाठी कागद मागवला, सही करून. सुकदेव पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढशाळेत अक्षरं शिकला होता. कंदिलाखाली गिरवून गिरवून त्याने स्वतःचं नाव कमावलं होतं, आणि पगाराच्या कागदाखेरीज ते फारसं कुठे लिहायची वेळ आली नव्हती. ते नाव त्याने त्या कागदावर मन लावून लिहिलं. हे काम मी स्वतः करतो, असं वर इंग्रजीत छापलं होतं. गायत्रीने त्याला त्याचा अर्थ वाचून दाखवला होता.

दोन महिने झकास गेले. जानेवारीत एका दुकानदाराचं चित्र आलं, टोपीवर घालायचा ससाणा. योगेंद्रच्या डोक्यावर कामाचा ढीग होता. टोपी गोल असते. तिच्यावर मधून सुरू करून दोन्ही बाजूंना जायचं, खालून वर चढायचं, नाहीतर कापड गोळा होतं. त्याने साध्या सपाट कापडासारखंच आखून पाठवून दिलं. टोपीवर शिवल्यावर पंखांची किनार भरणीपासून सुटली. दुकानदार चिडला. त्याने वेबसाइटला कळवलं, हा पंचिंगवाला नको, हेच चित्र दुसऱ्या कुणाला द्या.

वेबसाइटने दुसऱ्या कुणाला दिलं. ते नाव होतं सुकदेवचं.

सकाळी चित्र उतरलं तेव्हा योगेंद्र म्हणाला, "अरे, हा ससाणा तर झालेलाच आहे." आणि जुनीच फाइल त्याने आप्पांच्या नावाने पाठवून दिली. गायत्री त्या दिवशी माहेरी होती. ती असती तर तिने विचारलं असतं, झालेलं काम परत का आलं?

दुकानदाराला दोन वेगवेगळ्या माणसांकडून, टाक्याला टाका जुळणारी, त्याच जागी चुकलेली एकच फाइल मिळाली. मग वेबसाइटने पाहिलं. दोघांचा पत्ता एक. तिसऱ्या नावाचाही तोच. तिघांचे चेक बमरोलीच्या एकाच दारात.

तिसऱ्या दिवशी तीन पत्रं आली. गायत्री परत आली होती. तिने पडद्यावरून वाचून मराठीत सांगितली. तिन्ही खाती बंद. महिन्याचे चेक अडवले. सुकदेवच्या नावाच्या पत्रात एक ओळ जास्त होती, तिथे ती थांबली.

"वाच," सुकदेव म्हणाला.

"लिहिलंय... तुम्ही सही करून खोटं सांगितलं."

सरलाबाईने घड्याळाचा विषयसुद्धा काढला नाही, आणि तेच सुकदेवला सगळ्यात जास्त लागलं. अंगठा उठवत होता तोवर त्याच्यावर कुणी खोटेपणाचा डाग लावला नव्हता. अक्षर शिकला आणि डाग लावून घेतला.

योगेंद्र डोकं धरून म्हणाला, "तीन होती आप्पा. तिन्ही एकदम कशी गेली?"

"तीन नावं होती," गायत्री हळू आवाजात म्हणाली. "देणारा एकच होता."

फेब्रुवारी कोरडा गेला. दुसऱ्या एका वेबसाइटवर योगेंद्रने एकट्याचं, खरं नाव घातलं. पण नव्या माणसाला तिथे आधी नमुने दाखवावे लागत, आणि मग हळूहळू एकेक काम सुटे. गायत्रीने इंटरनेटवर टोप्यांच्या दुकानांची स्वतःची पानं शोधली, त्यांचे पत्ते वहीत उतरवले, आणि रोज चारपाच पत्रं लिहिली. उत्तर येईना. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "कामरेजचे बन्सीलालकाका येतो म्हणाले होते. आलेच नाहीत. मोठी माणसं, विसरले असतील. मीच जाऊन विचारू का आप्पा?"

सुकदेवने हातातला घास ताटात ठेवला. "मी जातो. तू नको."

दुसऱ्या दिवशी कामरेजच्या बसमध्ये तो दांडीला धरून उभा राहिला. बसायला जागा होती. बन्सीलालांच्या शेडमध्ये मशीनं धडधडत होती. सुकदेव दारातच थांबला, चपला काढून हातात घेतल्या आणि त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला सुचेना.

"या सुकदेवभाऊ. काय म्हणते अमेरिका?"

हे ते टोचून म्हणाले की सहज, ते सुकदेवला कळलं नाही. त्याने सगळं सांगितलं. तीन नावं, ससाणा, सही. शेवटी म्हणाला, "मी तुम्हाला दारातून परत लावलं. पोरीला आजवर सांगितलं नाही तुम्ही आला होता."

बन्सीलालांनी चहा मागवला. "काम देतो. पण सगळं नाही देणार."

"चूक माझी, पोरांची नाही..."

"तसं नाही हो. माझ्याकडे पंचिंग करणारे दोघं आहेत, तुमचं घर तिसरं. एकाचा कॉम्प्युटर बिघडला तर माझं मशीन उभं राहता कामा नये. आणि तुम्हीही फक्त माझ्या भरवशावर राहू नका. साड्यांचा सीझन गेला की दोन महिने माझ्याकडे काही नसतं. तेव्हा टोप्यांचं पंचिंग करा."

सुकदेव चहा पूर्ण प्यायला. तळाची साखरसुद्धा.

पुढच्या रविवारी बन्सीलाल स्वतः फ्लॉपी घेऊन बमरोलीला आले. गायत्रीने लाडाने तक्रार केली, "काका, दिवाळीला येणार होता ना? विसरलात!"

सुकदेव मोरीपाशी उभा होता. पाण्याचा तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला.

"हो गं पोरी," बन्सीलाल म्हणाले. "कामाच्या रगाड्यात राहून गेलं." आणि त्यांनी सुकदेवकडे पाहिलंसुद्धा नाही.

मार्चच्या शेवटी टोरांटोच्या एका दुकानाने गायत्रीला उत्तर दिलं, मग आणखी एकाने. तिने वहीत रेघा ओढून ठरवलं की कुणा एकाचं काम निम्म्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. वाढलं तर दुसरं शोधायचं. केलेल्या प्रत्येक कामाची फाइल ती स्वतःच्या फ्लॉपीवर ठेवी, म्हणजे दार कुणाचंही बंद झालं तरी दाखवायला हातची कला हातात. योगेंद्र तिला चिडवायचा, "आमच्या घरात शेठ चार आणि शेठाणी एक!" ऑगस्टमध्ये ती दुसरी वेबसाइट एक दिवस उघडेचना, धंदाच गुंडाळला होता म्हणे. त्या सकाळी दूध उतू गेलं एवढंच. दुपारी बन्सीलालांच्या काठाचं काम चालू होतं.

गायत्री म्हणाली, "बघा आप्पा, बन्सीलालकाका आले म्हणून निभावलं."

आता सांगू, असं सुकदेवला तेव्हा वाटलं. दिवाळीच्या आधीच येऊन गेले होते ते. मीच त्यांना दारातून परत लावलं. तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "हो. देवमाणूस." मग दसऱ्याला सांगू म्हणाला, मग नातवाच्या बारशाला. प्रत्येक वेळी बन्सीलाल समोर असत, गायत्री त्यांना वाकून नमस्कार करी, आणि सुकदेव बंद घड्याळाकडे बघत बसे.

बन्सीलाल कामरेजला २००१ सालच्या मार्च महिन्यात, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, छातीच्या दुखण्याने वारले. सुकदेवने गायत्रीला तोवर सांगितलं नव्हतं.