वर्षातून तीन दिवस गाडी बंद

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्या मंगळवारी मी रजा घेऊन घरी होते, आणि तो सकाळी अकरालाच आला.

आमचे ललितराव शोरूममधून शीळ घालत घरी आले आणि म्हणाले, पांढरी गाडी नक्की केली, दोन हजार टोकनही दिलं. मी भांडं हातातलं खाली ठेवलं. गाडी माझ्या नावावर, चालवणार मी, कंपनीचं टेंडर भरणार मी, आणि नक्की करून आले हे!

दहा वर्षं मी राखोलीच्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर उभी आहे. चाळीसगावहून आलो तेव्हा मला सायकलसुद्धा येत नव्हती, आता टॅक्सीचं लायसन आहे. गेल्या दिवाळीनंतर आमचा गाडीवाला शेठ वाटेल तेव्हा दांडी मारायला लागला. एकदा बायडाबाई आणि कुसुम पाऊण तास डोकमर्डीच्या नाक्यावर उभ्या राहिल्या, शिफ्ट चुकली, खाडा लागला आणि महिन्याचा हजेरी बोनस गेला. दुसऱ्या दिवशी कुसुम माझ्या शेजारच्या मशीनवर रडली, आणि मी ठरवलं, या बायकांना आणायची-सोडायची गाडी मीच काढीन.

कंपनीने नवं टेंडर काढलं. आत येणाऱ्या दोन शिफ्ट, परत जाणाऱ्या दोन, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या, दर फेरीला सहा बायका. अट एकच कडक होती: वर्षात चार दिवसांपेक्षा जास्त गाडी गैरहजर राहिली तर करार रद्द. कागद द्यायचा त्याच मंगळवारी दुपारी चारपर्यंत. करार मिळाला तर मी मशीनवरून सुटणार होते. नाही मिळाला तर अजून दहा वर्षं तीच मशीन, तोच आवाज.

पाच गाड्या बघून आम्ही दोनवर आलो होतो, एक पांढरी आणि एक राखाडी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. दोन्ही सीएनजी, दोन्ही सात सीटांच्या, किमतीत आठ हजारांचा फरक, ॲव्हरेज जवळपास सारखं. पंधरा दिवस आम्ही त्यावर भांडत होतो. ललितरावांनी पांढरी का धरली, तर तिची एक सर्व्हिस बावीसशेला होते आणि राखाडीची पस्तीसशेला. शिवाय पहिल्या तीन सर्व्हिस फुकट. त्यांना सल्ला दिला होता शेजारच्या विजयाबाईंनी. त्या शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे पांढरीच्याच कंपनीची छोटी गाडी आहे.

सर्व्हिस किती किलोमीटरने येते, मी विचारलं. ते त्यांनी विचारलंच नव्हतं. मग विजयाबाईंनाच हाक मारली. त्या म्हणाल्या, पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. त्यांची गाडी शाळा आणि बाजार सोडून जात नाही, पाच हजार कधी होतच नाहीत, म्हणून सहा महिन्यांनी जातात. वर्षाला दोनदा.

मी तिथेच बोटांवर मोजायला बसले. माझी एक फेरी पंचवीस किलोमीटरची. चार फेऱ्या शंभर. महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे सव्वीसशे. वर्षाचे एकतीस हजार! विजयाबाईंच्या गाडीला तारीख आधी गाठते, माझ्या गाडीला किलोमीटर. पांढरी घेतली तर वर्षात सहा वेळा सर्व्हिसला न्यावी लागणार. आणि सर्व्हिस सेंटर रविवारी बंद, कंपनीची सुट्टी रविवारची. म्हणजे सहा दिवस गैरहजर. अट चारची.

मी ललितरावांकडे नुसतं बघितलं. त्यांनी स्कूटीची चावी काढली.

एव्हाना एक वाजला होता. शोरूमच्या गोडबोल्या सेल्समनकडे मी गेलेच नाही, थेट मागे सर्व्हिसच्या काउंटरवर गेले. आधी पांढरीच्या, मग राखाडीच्या. एका सर्व्हिसचा भाव नको, म्हटलं, साठ हजार किलोमीटरपर्यंतचा पूर्ण तक्ता द्या, कधी काय बदलता आणि किती बिल येतं ते. म्हणजे माझी दोन वर्षं. राखाडीच्या काउंटरवर स्वप्नील नावाचा पोरगेला सल्लागार होता, त्याने तर खुर्चीच दिली. फुकट सर्व्हिसचंही त्यानेच समजावलं. फुकट असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतातच, दोन्ही कंपन्यांत.

राखाडीला सर्व्हिस दहा हजारांनी किंवा वर्षाने. साठ हजारांत सहा: चार साध्या पस्तीसशेच्या, आणि दोन मोठ्या, ज्यात प्लग आणि ब्रेक ऑइलही बदलतात, त्या साडेपाच हजारांच्या. एकूण पंचवीस हजार. पांढरीला साठ हजारांत बारा: दहा साध्या बावीसशेच्या, दोन मोठ्या साडेचार हजारांच्या. एकूण एकतीस हजार. जी गाडी सर्व्हिसला स्वस्त म्हणून आम्ही आणत होतो ती दोन वर्षांत सहा हजार जास्त खाणार होती आणि वर 'सहा दिवस बंद' म्हणून करारही घालवणार होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, आनंदाने.

आमच्या रस्त्यांवर धूळ फार, म्हणून मी तेही विचारलं. स्वप्नील म्हणाला, एअर फिल्टर मधूनमधून साफ करून घ्या, तेवढं काम कोपऱ्यावरचा मेकॅनिक दहा मिनिटांत करतो, त्यासाठी दिवस जात नाही. नव्या गाडीची हजार किलोमीटरची पहिली तपासणी राहिली. ती करार सुरू व्हायच्या आधी गावी दोनदा जाऊन-येऊन उरकता येणार होती. सासूबाईंना गाडी दाखवायचीच होती.

साडेतीनला आम्ही राखोलीच्या वाटेला लागलो. पुलावर ट्रकांची रांग. ललितराव कडेच्या मातीतून स्कूटी घालत होते, मी मागे बसून गुडघ्यावर फाइल धरून अर्ज पूर्ण करत होते. अक्षर कसं आलं असेल ते विचारू नका. गेटवर पोचलो तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती.

ॲडमिनचे अनंत सर कोकणातले, कमी बोलणारे. त्यांनी माझा अर्ज वाचला. एका रकान्यापाशी थांबले. "सर्व्हिससाठी वर्षात तीन दिवस बंद, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय?"

"हो सर. साधारण दर चार महिन्यांनी एक दिवस. तारीख पंधरा दिवस आधी कळवीन, त्या दिवशी बदली गाडी माझ्या खर्चाने. तक्ता मागे जोडलाय."

त्यांनी तक्ता उलटून पालटून पाहिला. मग टेबलावरचे बाकीचे चार अर्ज माझ्याकडे सरकवले. त्याच रकान्यात चौघांनीही शून्य लिहिलं होतं. वाटलं, संपलं, शहाणपणा नडला आपल्याला.

"शून्य लिहिणाऱ्याची गाडी सर्व्हिसला जात नाही," अनंत सर म्हणाले, "ती रस्त्यात बंद पडते. गेल्या वर्षी आमच्या कामगार बायका अकरा दिवस नाक्यावर उभ्या राहिल्या, मला हिशेब माहीत आहे." आणि त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. एक तारखेपासून.

बाहेर आले आणि मला ढसाढसा रडू आलं. रडण्याचा मला फार राग आहे, म्हणून मी ललितरावांवर ओरडले, की आधी ते टोकनचे दोन हजार परत आणा. ते हसत स्कूटीवर बसलेसुद्धा. आतून शिफ्ट सुटल्याची घंटा झाली, बायका बाहेर आल्या, आणि कुसुमने माझा चेहरा बघून घाबरून विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, "एक तारखेला सकाळी सव्वासहाला नाक्यावर ये. मी थांबलेली असेन."