चढत गेलेली लाल पट्टी

चष्मेवाल्याच्या लेकीने चौदा वर्षांचे कागद दोन संध्याकाळींत संगणकावर चढवले. दर वर्षी, वर्ष संपायच्या दिवशी, तो दुकान जरा लवकर बंद करून एक कागद लिहायचा. डावीकडे आपल्याजवळ काय आहे ते, उजवीकडे देणं काय आहे ते, आणि खाली वजाबाकी. ती वजाबाकी म्हणजे आपण खरे किती आहोत, असं तो मानायचा. लेकीने त्या चौदा वजाबाक्यांचे ठिपके जोडून आलेख काढला आणि देण्यांच्या रंगीत पट्ट्या खाली मांडल्या.

"बाबा, हे बघा ना. घराचं कर्ज दर वर्षी उतरतंय. भिंगवाल्या व्यापाऱ्यांचं देणं कमीजास्त होतंय. ही लाल पट्टी तेवढी चढतच चाललीय. कोणाची आहे?"

"ताईची," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

आत्याचं नाव निघालं की बाबांचा चष्मा मळतो, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने पुढे विचारलं नाही.

आलेखाची ही उठाठेव हौसेची नव्हती. लेकीला परदेशी शिकायला प्रवेश मिळाला होता. तिथल्या लोकांना पालकाच्या निव्वळ मालमत्तेचा दाखला हवा होता, किमान चाळीस लाखांचा, आणि तोही आठवड्याच्या आत. लेकीच्या पत्रकात आकडा आला सदतीस लाख सोळा हजार.

दाखला देणाऱ्या हिशेबतपासनिसाने पत्रकावर पेन्सिल फिरवली. जवळचं सगळं मिळून साडेबासष्ट लाख. घराचं कर्ज चौदा लाख वीस हजार, व्यापाऱ्यांचे दोन लाख दहा. पेन्सिल लाल पट्टीवर थांबली.

"बहिणीचे नऊ लाख चार हजार. कागद आहे?"

"नाही. घेतले होते चार लाख. बाकीचं व्याज. दर वर्षी सहा टक्के."

"ते कोणी ठरवलं?"

"मीच."

हिशेबतपासनिसाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो चष्माही याच्याच दुकानातला होता. "अहो, व्याज मागणारा नसताना लावणारे तुम्ही पहिलेच भेटलात! ठरलेलंच नाही तर ते मी देणं धरत नाही. पण तुमच्या शब्दावर काढताही येत नाही. बहिणीकडून सहीचं पत्र आणा, आजच्या तारखेला त्यांचं तुमच्याकडे किती येणं आहे. चार लाख लिहून दिले तरी तुमचे बेचाळीस वीस होतात. काम झालं."

काम झालं, म्हणे. ताईचं घर तीन गल्ल्यांवर होतं, आणि लग्नकार्य नाहीतर मयत सोडली तर तेरा वर्षांत चष्मेवाल्याने तिचा उंबरठा ओलांडला नव्हता. भिंगं घासायचं यंत्र घ्यायला ताईने चार लाख दिले, तेव्हा भाऊजींसमोर छाती काढून तो म्हणाला होता, "वर्षात फेडतो." वर्ष सरलं तेव्हा हातात जेमतेम वीस हजार होते. तेवढे घेऊन गेला, तर ताई म्हणाली, "एवढ्याने काय होतंय? ठेव तुझ्याकडेच." पाकीट तसंच खिशात घालून तो परत आला. पुरेसे जमले की जाऊ, असं ठरवलं. पुरेसे काही जमले नाहीत आणि व्याज मात्र वाढत गेलं.

ताईने दार उघडलं. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली होती. छापखान्यातल्या हिशेबनिसाच्या नोकरीतून ती निवृत्त झाली होती, तरी कानावर पेन्सिल होतीच.

"भिंग्या? कोण गेलं?"

"कोणी नाही गं. सहजच."

"सहज येणाऱ्याच्या हातात फाईल नसते. बस."

त्याने अडखळत सगळं सांगितलं. लेकीचा प्रवेश, चाळीस लाख, सहीचं पत्र. व्याजाचं सांगताना आवाज इतका बारीक झाला की ताईला पुढे वाकावं लागलं. तिने पत्रक ओढून घेतलं, आणि आकडे दिसताच तिच्यातली हिशेबनीस बहिणीच्या आधी जागी झाली.

"हे काय? यंत्राचे चार लाख? चौदा वर्षांच्या यंत्राचे?"

"खरेदीची किंमत आहे ती."

"विकायला काढलंस तर कोण देईल चार लाख?"

गेल्याच महिन्यात एकाने तसलंच यंत्र विकलं होतं. "साठ हजार," तो म्हणाला.

"मग साठच लिही. मालमत्ता आजच्या किमतीची असते रे, आठवणीची नाही." तिने कानावरची पेन्सिल काढली. बासष्ट पन्नासातून तीन चाळीस गेले. "आता माझे चार लाख धरले तर उरले अडतीस लाख ऐंशी हजार."

पोरीचा प्रवेश कागदावरून घसरून पडताना त्याने डोळ्यांनी पाहिला. "ताई, तपासनिसाने यंत्राचं काही विचारलं नव्हतं गं."

"म्हणून खोटं लिहायचं?"

ती उठली आणि कपाटातून एक चौकटीची वही घेऊन आली. कागदाची डावी-उजवी बाजू त्याला शाळेत असताना तिनेच शिकवली होती. तिची स्वतःची वही त्याने कधी पाहिली नव्हती. तिच्यातही आलेख होता, पेन्सिलीने काढलेला. एका वर्षी रेघ चार चौकटी धपकन खाली आली होती.

"हे तुझं वर्ष."

'येणे' या रकान्यात तो आपलं नाव शोधू लागला. त्या वर्षी नव्हतं. पुढच्या वर्षी नव्हतं. एकाही वर्षी नव्हतं. रेघ घसरलेल्या वर्षाच्या पानाच्या तळाशी फक्त एक ओळ होती: 'भिंग्याला दुकानासाठी दिले. ४,००,०००.'

"येणं धरलंच नाहीस?"

"धरायचं कशाला? देताना परत यावेत असं मनातही नव्हतं. तुझ्या भाऊजींनाही विचारलं होतं. ते म्हणाले, खाली एक ओळ लिही आणि विसर."

"पण मी वीस हजार आणले तेव्हा म्हणालीस, एवढ्याने काय होतंय..."

"अरे, त्या दिवशी तुझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता! त्या पैशांची चप्पल घे, असं म्हणणार होते. तू वाऱ्यासारखा निघून गेलास. मला वाटलं, बहिणीचं घेतलं हेच तुला खुपतंय. म्हटलं, येईल राग गेला की." ती थोडा वेळ वहीच्या कडा सारख्या करत राहिली. "तेरा वर्षं लावलीस, बाबा."

त्याने चष्मा काढला. या वेळी तो खरंच पुसायला झाला होता.

"चार तरी लिही, ताई. फेडेन मी."

"लिहिते की. मग पोरीला इथेच ठेव दुकानात, भिंगं पुसायला." ती रागावली नव्हती. "खरं तेच लिहून देईन. माझं तुझ्याकडे काही येणं नाही. तुला घ्यायचं जमतंय का, तेवढं बघ."

तो बराच वेळ त्या खाली आलेल्या रेघेकडे बघत बसला. ती खाली आली होती ते त्याच्यामुळे, आणि हिने चौदा वर्षं ती तशीच ठेवली होती, न कुरकुरता. मग त्याने फाईलमधला कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"लिही," तो म्हणाला. "आणि चहा टाक."

"आता आज्ञाही करायला लागलास!" ताई म्हणाली, पण उठली.

घरी आल्यावर लेकीने आकडे बदलले. एकोणसाठ लाख दहा हजारांतून सोळा लाख तीस हजार गेले, उरले बेचाळीस लाख ऐंशी हजार. लाल पट्टी या वर्षी नाहीशी झाली आणि आलेखाची रेघ टुणकन वर गेली.

"मागच्या वर्षांच्याही पट्ट्या काढू? चुकीच्याच होत्या ना त्या?"

"नको," चष्मेवाला म्हणाला. "त्या त्या वर्षी मला तसंच वाटत होतं. राहू दे."

"पण तपासनीस काका विचारतील, ही उडी कशाची? खाली टीप लागेल."

त्याने खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याने स्वतःच लिहिलं: 'यंत्र आजच्या किमतीला धरले. ताईचे देणे नाही. ते तिने दिले होते.'

मग थोडं थांबून त्याने शेवटी एक शब्द जोडला: 'प्रेमाने.' लेक म्हणाली, असल्या दाखल्याच्या कागदात हे चालत नाही. त्याने तो खोडला, आणि आपल्या या वर्षीच्या हाताने लिहिलेल्या कागदाच्या तळाशी लिहून घेतला.